पाणी मोजलं, पोटॅशियम राहून गेलं: पुण्यातल्या एका डायलिसिस रुग्णाचं प्रकरण

रुग्ण पुरुष, वय 57, राहणार सिंहगड रस्ता परिसर. मधुमेह जुना, त्यातूनच किडन्या गेल्या. दीड वर्षापासून आठवड्यात दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, डायलिसिस. ड्राय वेट, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन, 58 किलो. लघवी दिवसाला साधारण 300 मिली. ओळख पटू नये म्हणून इथे त्यांना फक्त काका म्हणते. मी डायलिसिसच्या रुग्णांचा आहार बघते, आणि हे प्रकरण मुद्दाम सविस्तर लिहितेय, कारण या घरात पथ्य मोडलेलं नव्हतं. उलट जे सांगितलं होतं ते अगदी काटेकोर पाळलं गेलं होतं.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, पुण्यात उन्हाचा कडाका. मंगळवारी सकाळी काका नेहमीप्रमाणे डायलिसिसला आले. वजन भरलं 60.3 किलो. शुक्रवार ते मंगळवार हे चार दिवसांचं मोठं अंतर, आणि तेवढ्यात वजन फक्त 2.3 किलोने वाढलेलं. ड्राय वेटच्या चार-साडेचार टक्क्यांच्या आत वाढ राहिली तर आम्ही समाधानी असतो. काकांची वाढ बरोबर चार टक्के होती. पायावर सूज नाही, दम नाही, आडवं पडल्यावर घुसमट नाही. कागदावर सगळं उत्तम.

पण काका पायऱ्या चढताना दोनदा थांबले होते. टेक्निशियनने विचारलं तर म्हणाले, "दम नाही रे लागत, मांड्याच उचलत नाहीत." कालपासून पाय जड झालेत, ओठांभोवती मुंग्या येतात, हेही त्यांनी सांगितलं. सिस्टरने नाडी बघितली, मिनिटाला 46. एरवी त्यांची नाडी 75 ते 80 असते. मशीनला जोडण्याआधी लगेच ईसीजी काढला. त्यात टी लाटा उंच आणि टोकदार झाल्या होत्या, पी लाटा जवळजवळ दिसेनाशा झाल्या होत्या आणि क्यूआरएस रुंद झालं होतं. रक्तात पोटॅशियम 7.4 निघालं. निरोगी माणसात ते 3.5 ते 5 च्या दरम्यान असतं. डायलिसिसच्या रुग्णात मोठ्या अंतरानंतर 5.5 पर्यंत आम्ही चालवून घेतो. 7.4 आणि असा ईसीजी म्हणजे हृदय कधीही थांबू शकतं.

रक्त काढताना दंड फार घट्ट बांधला किंवा नमुन्यातल्या पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, हे खरं. पण ईसीजी बदललेला असेल तर दुसऱ्या नमुन्याची वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टरांनी लगेच 10 टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, 10 मिली, शिरेतून सावकाश दिलं. कॅल्शियमने पोटॅशियम थेंबभरही कमी होत नाही. ते फक्त हृदयाच्या स्नायूला काही काळ सांभाळतं, साधारण अर्धा ते एक तास. पाच मिनिटांत क्यूआरएस अरुंद झालं. मग इन्शुलिन आणि सोबत ग्लुकोज दिलं, ज्याने पोटॅशियम तात्पुरतं पेशींच्या आत ढकललं जातं, आणि साल्ब्युटामॉलची वाफ दिली. खरं काढून टाकणारा इलाज एकच होता, डायलिसिस. तो त्याच वेळी सुरू केला. चार तासांनी पोटॅशियम 4.6 वर आलं. इन्शुलिनचा अंमल पुढे चार-सहा तास राहतो आणि किडनीच्या रुग्णात तो लवकर उतरत नाही, म्हणून दर तासाला साखर तपासत त्यांना रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशियम 5.3 होतं. पेशींच्या आत ढकललेलं थोडं परत बाहेर येतं, त्यामुळे एवढी वाढ अपेक्षितच असते.

संकट टळलं, पण 7.4 आलं कुठून हे शोधायचं राहिलं होतं. काकांचा आधीच्या महिन्यातला आकडा 5.4 होता. केळी, बटाटा, पालक, सुका मेवा यांचं पथ्य घरात पक्कं होतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचं, हेही काकू नेमाने करत होत्या. "मॅडम, बटाटा तर आमच्याकडे महिनाभर आलेला नाही," असं त्या मला शपथेवर सांगत होत्या. मी त्यांना म्हटलं, "काकू, काय खाल्लं नाही ते राहू दे. शनिवारी सकाळपासून तोंडात काय काय गेलं, गोळीबरोबरच्या घोटासकट, ते सांगा."

त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली. तिच्यावर काळ्या पेनाने रेघा मारलेल्या. दिवसाची मर्यादा आम्हीच ठरवून दिली होती: आदल्या दिवशीची लघवी अधिक 500 मिली, म्हणजे 300 आणि 500 मिळून 800 मिली. सकाळी ही बाटली 800 च्या रेघेपर्यंत भरायची, आणि चहा, ताक, औषधाचं पाणी जे काही दिलं जाईल तेवढं त्यातून ओतून टाकायचं. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला. ही पद्धत इतकी चांगली आहे की मी आता ती इतर घरांना सांगते. पण बाटली फक्त पाणी मोजते.

शनिवार, रविवार, सोमवार या तीन दिवसांचा हिशोब असा निघाला. सकाळी आणि दुपारी चहा, 100 मिलीचे दोन कप. उरलेले 600 मिली म्हणजे दोन शहाळी, एक सकाळी, एक संध्याकाळी, प्रत्येकी साधारण 300 मिली पाणी. गोळ्यासुद्धा शहाळ्याच्या पाण्याबरोबरच. साधं पाणी नाहीच. काकूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: "एवढंसंच प्यायला सांगितलंय ना, मग जे जाईल ते तरी ताकदीचं जाऊ दे म्हटलं. ऊन किती आहे! आमच्या वन्सं साताऱ्याहून आल्या होत्या, त्यांनी येताना सहा शहाळी आणली. यांना बरंही वाटत होतं."

यात चूक कुठे झाली ते कळायला आकड्यांत थोडं शिरावं लागतं. शहाळ्याच्या 100 मिली पाण्यात साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. नारळाची जात, तो किती कोवळा, कुठल्या मातीतला यावर ते बदलतं, पण कमी कधीच नसतं. म्हणजे 300 मिलीच्या एका शहाळ्यात 600 ते 750 मिलिग्रॅम. दोन शहाळ्यांचे रोज 1200 ते 1500. काकांना जेवणखाण, चहा-दूध सगळं धरून दिवसाचं पोटॅशियम 2000 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितलं होतं. उकळून पाणी काढलेल्या भाज्या, पोळी, भात, थोडी डाळ यांतच 1500 च्या पुढे जातं. त्यावर ही दोन शहाळी म्हणजे रोज जवळपास दीडपट. सहा शहाळ्यांत मिळून चार ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम गेलं, आणि मधल्या चार दिवसांत ते बाहेर काढणारं यंत्र बंद होतं.

शरीरातलं बहुतेक सगळं पोटॅशियम, सुमारे 98 टक्के, पेशींच्या आत असतं. ते गोदाम. रक्तात आणि पेशींबाहेरच्या पाण्यात जे फिरतं तो फक्त काउंटरवरचा माल. हा बाहेरचा साठा साठ किलोच्या माणसात जेमतेम 60 मिलिमोल, म्हणजे सुमारे 2.3 ग्रॅम. एका शहाळ्यातून 15 ते 19 मिलिमोल येतात, म्हणजे बाहेरच्या एकूण साठ्याच्या पाव ते तिसरा हिस्सा, तोही थोड्याच वेळात पोटातून रक्तात. किडनी धड असेल तर आधी पेशी ते आत ओढून घेतात आणि पुढच्या काही तासांत किडनी लघवीतून काढून टाकते. रोजच्या पोटॅशियमपैकी नव्वद टक्के तीच काढते. म्हणून तुम्ही-आम्ही दोन शहाळी प्यायलो तर काही होत नाही. काकांच्या शरीरात आत ओढण्याचं काम कसंबसं चालतं, मधुमेहामुळे तेही अर्धवट, आणि बाहेर टाकायला जवळपास काहीच नाही. द्रवरूप असल्यामुळे चावायला नाही, पचायला वेळ नाही. तेवढंच पोटॅशियम भाजीतून आलं असतं तर सावकाश आणि काही अंशीच शोषलं गेलं असतं.

सगळ्यात फसवी गोष्ट ही की पाणी जास्त झालं तर शरीर बोंबलतं. सूज येते, दम लागतो, वजनकाटा सांगतो. पोटॅशियम वाढलं तर यातलं काहीच होत नाही. काकांचं वजन नेहमीपेक्षा चांगलं होतं, म्हणून घरात आणि सेंटरमध्येही सगळे निर्धास्त. मांड्यांतली शक्ती जाणं, ओठांभोवती मुंग्या, नाडी मंद होणं ही लक्षणं आली तर आली, पण बऱ्याच जणांत पहिलं लक्षण म्हणजे कोसळणंच असतं. घरी नाडी 50 च्या खाली लागली किंवा पाय अचानक लुळे वाटले, तर पुढच्या डायलिसिसच्या वाराची वाट न बघता ईसीजी आणि डायलिसिस दोन्ही एका ठिकाणी होतील अशा रुग्णालयात त्याच क्षणी जायचं. जवळच्या दवाखान्यात सलाइन लावून घेण्यात जो तास जातो, तोच तास महत्त्वाचा असतो.

शहाळ्याने एवढं पोटॅशियम वाढतं हे मान्य, पण 5.4 वरून थेट 7.4? मला आणखी काहीतरी आहे असं वाटत होतं. स्वयंपाकघरातल्या मिठाचं पाकीट आणायला सांगितलं. ते लो सोडियम मीठ निघालं. मीठ कमी करा असं आम्हीच सांगितलेलं, आणि जावयाने प्रेमाने "ब्लड प्रेशरवाल्यांचं मीठ" आणून दिलं होतं. या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराईडमध्ये 520 मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं. पाकिटावर मागच्या बाजूला घटक छापलेले असतात, तिथे "पोटॅशियम क्लोराईड" हे शब्द दिसले की ते मीठ किडनीच्या रुग्णाच्या घरात नको. रक्तदाबाच्या इतर रुग्णांना ते उपयोगी असेल, पण इथे तो विचार लागू नाही. शिवाय काकांना तीन दिवस शौचाला झालं नव्हतं. किडनी गेल्यावर पोटॅशियम बाहेर टाकण्याचा थोडा भार आतडी उचलतात, त्यामुळे बद्धकोष्ठ ही या आजारात किरकोळ तक्रार नसते. रक्तदाबासाठी चालू असलेली टेल्मिसार्टन गोळीही पोटॅशियम थोडं वर ढकलते. यातलं एकेक कारण एकटं असतं तर कदाचित निभावलं असतं. चार दिवसांच्या अंतरात सगळी एकत्र आली.

दोन्ही ठिकाणी तीच गोष्ट घडली. पाणी कमी करा म्हटलं, त्याची जागा शहाळ्याने घेतली. मीठ कमी करा म्हटलं, त्याची जागा पोटॅशियमच्या मिठाने घेतली. आपण रुग्णाला काय टाळायचं ते सांगतो आणि त्या जागी काय येईल हे विचारायचं राहून जातं. म्हणून आता मी पाण्याची मर्यादा सांगताना दोन आकडे स्वतंत्र लिहून देते, एक मिलीचा आणि एक पोटॅशियमचा, आणि पेल्यातल्या प्रत्येक गोष्टीला दोन्हींतून जावं लागतं.

शहाळ्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहे, आणि त्याचं मूळ मी रोज रुग्णालयाच्या दारात बघते. फाटकाबाहेर शहाळ्यांची गाडी असतेच. पेशंटला भेटायला रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून जाणारा शहाळं घेऊन जातो. त्यात शेजारचे कोणी सांगतात, माझा मुतखडा शहाळ्यानेच पडला. मुतखड्याच्या रुग्णाची किडनी काम करत असते, त्याला भरपूर लघवी व्हावी म्हणून भरपूर प्यायला सांगतात. काकांची किडनी कामच करत नाही. एकाला जे औषध तेच दुसऱ्याला विष, आणि दोघेही सांगताना "किडनीचा त्रास आहे" एवढंच सांगतात.

काकूंनी विचारलं, "मग यांनी उन्हाळ्यात प्यायचं तरी काय?" त्याचं उत्तर आम्ही दोघींनी बसून ठरवलं. शहाळं बंद, मलईसकट. मोसंबी, संत्रं, डाळिंबाचा रस बंद. एका ग्लासात तीन-चार फळं जातात, आणि संत्र्याच्या रसात 100 मिलीला जवळपास 200 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. उसाचा रस साखरेसाठी आणि पोटॅशियमसाठी, दोन्हींसाठी बंद. टोमॅटोचं सार आणि सूप, पालेभाजीचं पाणी, नारळाच्या दुधाची सोलकढी, हे सगळं पौष्टिक म्हणून आजाऱ्याला आवर्जून दिलं जातं आणि म्हणूनच मी ते नाव घेऊन सांगते. भाजी उकळून जे पाणी आपण फेकतो, तेच सूप म्हणून प्यायलं तर केलेल्या कष्टांवर पाणी पडतं. ओआरएस आणि "इलेक्ट्रोलाइट"ची पाकिटंही उन्हाळ्यात हाताशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या एक लिटर ओआरएसमध्ये 20 मिलिमोल, म्हणजे 780 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं आणि वर भरपूर मीठ. जुलाब झाले तर काकांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं, थकवा आला म्हणून नाही.

दूध आणि ताक यांची बाब मधली आहे. दुधात 100 मिलीला साधारण 150 मिलिग्रॅम. चहापुरतं दूध चालतं, पेलाभर दूध नाही. ताक पातळ, बिनमिठाचं, अर्धी वाटी, आणि ते 800 मध्ये मोजून. लिंबू मात्र काकूंना वाटलं तसं वाईट नाही. अर्ध्या लिंबाच्या रसात फारसं पोटॅशियम नसतं, त्यामुळे बिनमिठाचं, बिनसाखरेचं लिंबूपाणी काकांच्या यादीत राहिलं. साधं पाणी तर सगळ्यात सुरक्षित, आणि तेच या घरातून हद्दपार झालं होतं.

कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, याचं वेगळं सांगावं लागतं. त्यात पोटॅशियमपलीकडे एक मेंदूवर परिणाम करणारा पदार्थ असतो, जो निरोगी किडनी सहज काढून टाकते. डायलिसिसच्या रुग्णाला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, बरळणं, फिट्स आणि मृत्यूसुद्धा येऊ शकतो. फळ नाही, रस नाही, चवीपुरतंही नाही. मधुमेहासाठी म्हणून घेतले जाणारे कारल्याचे, दुधीचे, गव्हांकुराचे रस काका घेत नव्हते, पण विचारून घेतलं, कारण हे रस कोणी "पिणं" म्हणून सांगत नाही, औषध म्हणून घेतात आणि हिशोबातून निसटतात.

तहानेचं काय, हा खरा प्रश्न होता. तहान मिठातून येते. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. सुमारे 8 ते 9 ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवतं, त्यामुळे मीठ सुटलं की बाटलीवरच्या रेघा कोणी पाळू शकत नाही. साखर वाढली तरी तहान वाढते, म्हणून काकांच्या बाबतीत साखर आवरणं हाही पाण्याच्या पथ्याचाच भाग. बाकी चूळ भरून थुंकणं, लहान कपातून पिणं, बर्फाचा खडा तोंडात ठेवणं याने बरं वाटतं. पण बर्फाचा खडाही 15-20 मिली पाणीच असतो, तो मोजायचा. दिवसभर उन्हात राहून खूप घाम गेला तर मर्यादा थोडी वाढवता येते, पण ती वजन बघून आणि विचारून.

हे नियम काकांचे आहेत, सगळ्या किडनीच्या रुग्णांचे नाहीत. किडनीचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, लघवी भरपूर होत असेल आणि पोटॅशियम नॉर्मल असेल तर एवढी बंधनं घालून फळं-भाज्या तोडण्यात नुकसानच असतं. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचं पोटॅशियम रोज निघून जातं, त्यांच्यात ते कमी पडण्याचाही धोका असतो. आधी रिपोर्ट बघायचा, मग पथ्य. पण रक्ताचं डायलिसिस आठवड्यात दोनदाच होत असेल आणि लघवी कमी असेल, तर शहाळ्याचा प्रश्न उरत नाही.

काकांच्या उपचारात चार बदल केले. घरात साधं मीठ आलं, काकांच्या वाट्याचं वेगळ्या डबीत मोजून. बद्धकोष्ठासाठी रोज लॅक्ट्युलोज सुरू झालं. डायलिसिस नसलेल्या दिवशी पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर दिली, इतर गोळ्यांपासून तीन तासांच्या अंतराने, कारण ती त्या गोळ्याही बांधून टाकते. आणि आठवड्याला तिसरं डायलिसिस सुरू करायचं ठरलं. मला विचाराल तर या यादीतला सर्वांत मोठा इलाज हाच, कारण चार दिवसांचं अंतर पथ्याने कितीही भरलं तरी अंतरच राहतं. पण रिक्षाचं भाडं आणि सोबत येणाऱ्या मुलाच्या रजा यामुळे ते दीड महिन्यांनी जमलं. तोवर मोठ्या अंतरानंतरच्या मंगळवारी दर वेळी पोटॅशियम तपासलं. पहिल्या मंगळवारी 5.6, नंतर 5.2 आणि 5.3. वजनाची वाढ पहिल्यासारखीच, दोन-सव्वादोन किलो.

जूनमध्ये काकूंनी विचारलं ते आषाढीबद्दल. काका वर्षानुवर्षं एकादशी करतात. उपासाला रताळं, बटाटा, केळं, शेंगदाणे, राजगिरा आणि मधल्या वेळेला शहाळं, म्हणजे पोटॅशियमचं ताटच, शिवाय बराच वेळ उपाशी राहिलं की इन्शुलिन कमी पडून पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. एकादशी नेमकी मोठ्या अंतरात आली तर धोका दुप्पट. शेवटी ठरलं ते असं: उपास पूर्ण नाही, भुकेलं राहायचं नाही, मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळा सोडायच्या नाहीत. दोन वेळा थोडी वरईची भगर, दाण्याच्या कुटाशिवाय, आणि शहाळ्याच्या जागी साधं पाणी, बाटलीतलं.